डॉक्टरांनी लिहून दिलेला खेळ

एक छोटा परग्रहवासी तरंगत्या वाहनावर उभा राहून बर्फाळ नदीतून सुसाट निघालेला असतो. त्याला वळवायचे तर हातातला टॅब डावीकडे-उजवीकडे कलवायचा. कडेचे अडथळे चुकवायचे आणि वाटेतली बक्षिसे गोळा करायची. इतक्यात पडद्यावर उडणारे प्राणी उमटू लागतात. त्यांतल्या ठरावीक प्राण्यावर चटकन बोट टेकवायचे, पण त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याला हात लावायचा नाही. वाहन मात्र सरळ ठेवायचेच. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात हा खेळ दिला, तर शेजारून पाहणाऱ्याला तो इतर कुठल्याही गेमसारखाच वाटेल.

हाच खेळ १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, उपचार म्हणून मंजूर केला. त्याचे नाव ‘एन्डेव्हर आरएक्स’. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकवणे फार जड जाणाऱ्या, ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टर तो लिहून देऊ शकणार होते. कुठल्याही आजारासाठी एफडीएने मान्य केलेला हा पहिला गेम. बॉस्टनच्या अकिली इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो बनवला होता.

दोन परक्या धंद्यांची सांगड घालून तिसरा धंदा उभा करण्याची कल्पना सुचणे सोपे असते. ‘आरोग्य आणि गेमिंग’ असे शब्द शेजारी लिहिले, की अर्ध्या तासात दहा कल्पना कागदावर येतात. अवघड भाग त्यानंतरचा असतो. प्रत्येक धंद्याचे स्वतःचे कायदेकानू असतात, यशाचे स्वतःचे माप असते आणि पैसे येण्याची ठरलेली वाट असते. दोन्हींचे नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. कुठे कोणाचा नियम चालवायचा, हे एकेका मुद्द्यावर ठरवावे लागते. अकिलीची कहाणी त्यासाठीच पाहण्यासारखी आहे, कारण या कंपनीने सर्वांत खडतर मार्ग निवडला आणि विज्ञानाची परीक्षा बऱ्याच अंशी पारही केली.

सुरुवात प्रयोगशाळेत झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ ॲडम गॅझली हे वय वाढल्यावर लक्ष का विचलित होते, याचा अभ्यास करत होते. एका वेळी दोन कामे करताना आपली कामगिरी घसरते, आणि ही घसरण विशीपासून दर दशकात वाढत जाते. ती भरून काढता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी ‘न्यूरोरेसर’ नावाचा साधा गेम तयार करवून घेतला. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी हाकायची आणि मध्येच दिसणाऱ्या खुणांपैकी फक्त ठरलेल्या रंगाची व आकाराची खूण आली, तरच बटण दाबायचे. लुकासआर्ट्स या नामवंत गेम कंपनीत काम करणाऱ्या मित्रांनी तो बनवायला हातभार लावला.

६० ते ८५ वयाच्या लोकांनी हा गेम महिनाभर, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास खेळला. खेळणारा सुधारला की गेम अवघड व्हायचा, चुकू लागला की सोपा. त्यामुळे प्रत्येक जण कायम आपल्या क्षमतेच्या काठावर राहायचा. बारा तासांच्या या सरावानंतर दोन कामे एकत्र करण्यात हे ज्येष्ठ लोक सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांनाही मागे टाकू लागले, आणि सहा महिन्यांनीही तो फायदा बराचसा टिकून होता. दुसऱ्या एका गटाला तोच रस्ता आणि त्याच खुणा दिल्या होत्या, पण वेगवेगळ्या वेळी. त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. म्हणजे गुण ‘गेम’ या वस्तूत नव्हता. दोन कामे एकाच क्षणी करायला लावणाऱ्या आणि खेळणाऱ्यानुसार बदलणाऱ्या त्या विशिष्ट घडणीत तो होता. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने हा अभ्यास मुखपृष्ठावर घेतला.

या घडणीतून औषध बनवायचे, हे अकिलीचे उद्दिष्ट होते. कंपनी २०११ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांत गॅझली होते, तसेच औषधांच्या क्षेत्रातून आलेले एडी मार्टुची होते. मार्टुची पुढे कंपनीचे प्रमुख झाले. खेळाचे रंगरूप घडवण्याची जबाबदारी मॅट ओमरनिक यांनी घेतली. ते लुकासआर्ट्समधले, ‘स्टार वॉर्स’च्या गेमवर काम केलेले कलाकार. एका खोलीत मेंदूचे अभ्यासक आणि दुसऱ्या खोलीत गेमचे चित्रकार, असे घर उभे राहिले.

आणि इथेच दोन धंद्यांची पहिली टक्कर होते.

व्यावसायिक गेम बनवणाऱ्याचे सारे कसब एका गोष्टीसाठी असते: खेळणाऱ्याने परत यावे आणि जास्तीत जास्त वेळ थांबावे. रोजची हजेरी, अर्धवट राहिलेली मोहीम, थोडक्यात हुकलेले बक्षीस या सगळ्यांची रचना त्यासाठीच केलेली असते. औषधाला मात्र मात्रा असते. ठरलेली मात्रा घ्यायची आणि थांबायचे. एन्डेव्हरची मात्रा ठरली दिवसाला सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. त्या दिवसाचा वाटा संपला, की गेम पुढे खेळूच देत नाही. कोणत्याही गेम कंपनीत असा प्रस्ताव मांडणाऱ्याला वेड्यात काढले असते. पण लक्ष टिकत नाही म्हणून उपचाराला आलेल्या मुलाला तासन्‌तास पडद्यापुढे बसवणारा गेम डॉक्टर लिहून देऊच शकला नसता.

दुसरी टक्कर गोडीची. चांगला गेम खेळणाऱ्याला अधूनमधून सहज जिंकू देतो, कारण सतत दमवले की माणूस निघून जातो. उपचाराला नेमके उलटे हवे असते. मुलाला जमू लागले, की लगेच पातळी वाढवायची. त्यामुळे पुढे झालेल्या चाचणीत दुष्परिणाम म्हणून ज्या गोष्टी नोंदल्या गेल्या, त्यांत वैताग आणि डोकेदुखी होती. गंभीर दुष्परिणाम एकही नव्हता. मुले खेळाला वैतागली, याची नोंद औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीत व्हावी, यावरूनच हा संकर किती वेगळा होता हे कळते. बर्फ, लाव्हा, नवे वेश, नवी वाहने हा सगळा देखावा त्या कष्टावरचे साखरेचे वेष्टण होता.

मग चाचणी. अमेरिकेतल्या २० केंद्रांवर एडीएचडी असलेली ३४८ मुले घेतली गेली. त्या काळात ती एडीएचडीची औषधे घेत नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी झाली: १८० मुलांना एन्डेव्हर मिळाला, १६८ मुलांना दुसरा एक गेम. हा दुसरा गेम म्हणजे या चाचणीतला सर्वांत शहाणपणाचा भाग. गोळीच्या चाचणीत साखरेची खोटी गोळी देता येते. गेमच्या चाचणीत काय द्यायचे? काहीच दिले नाही, तर नवा टॅब हाती आल्याचा आनंद आणि घरच्यांचे वाढलेले लक्ष हे सारे गेमच्याच खात्यात जमा होते. म्हणून दुसऱ्या गटाला अक्षरे जोडून शब्द बनवण्याचा एक डिजिटल खेळ दिला, तोही तेवढाच वेळ. तो रंजक होता, अवघडही होता, फक्त त्यात ती दोन कामांची घडण नव्हती.

फरक मोजला तो ‘टोव्हा’ नावाच्या संगणकीय परीक्षेने. ही परीक्षा मुद्दाम कंटाळवाणी केलेली आहे. साधारण २२ मिनिटे पडद्यावर एक चौकोन चमकत राहतो. आतला छोटा चौकोन वरच्या कडेला असेल तर बटण दाबायचे, खालच्या कडेला असेल तर नाही. पहिल्या अर्ध्या भागात दाबण्याची वेळ क्वचित येते, म्हणून लक्ष भरकटते. दुसऱ्या अर्ध्या भागात ती वारंवार येते, म्हणून हात आवरत नाही. त्यातून लक्षाचा एक निर्देशांक निघतो. चार आठवड्यांनंतर एन्डेव्हर खेळलेल्या गटाचा निर्देशांक सरासरी ०.९३ ने सुधारला, शब्दांचा खेळ खेळलेल्यांचा जवळपास होता तिथेच राहिला, फक्त ०.०३ ने सरकला. हे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले.

आता त्याच चाचणीतली दुसरी नोंद. मुलांच्या आईवडिलांनाही लक्षणांची प्रश्नावली दिली होती: मूल गृहपाठ पुरा करते का, वस्तू हरवते का, सांगितलेले ऐकते का. या प्रश्नावलीत दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. शब्दांचा खेळ खेळलेल्या मुलांच्या पालकांनाही आपले मूल सुधारल्यासारखे वाटले होते. चार आठवडे कमी पडले, की पालकांच्या अपेक्षेनेच दोन्हीकडचे आकडे वर गेले, यावर वाद घालता येईल. पण कंपनीच्या पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ याच ओळीत होते, असे आता मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

एफडीएला मात्र हा पुरावा पुरेसा वाटला. एकंदर ६०० हून अधिक मुलांवरच्या अभ्यासांची माहिती तपासून त्यांनी मंजुरी दिली. मंजुरीची भाषा काटेकोर होती: संगणकीय चाचणीने मोजलेली लक्ष देण्याची क्षमता सुधारण्यासाठी, आणि एका व्यापक उपचार-योजनेचा भाग म्हणून. गोळ्यांऐवजी हा गेम द्या, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

इतक्या उठाठेवीपेक्षा सरळ ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून गेम विकला असता तर? ती वाट काही कंपन्यांनी घेतली होती. ‘ल्युमोसिटी’ हे त्यांतले गाजलेले नाव. वयाबरोबर येणारा विसराळूपणा आमच्या गेममुळे लांबतो, अशा अर्थाच्या तिच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तो मिटवला. तेव्हा उपचाराचा दावा करायचा तर पुरावा देऊनच, हा अकिलीचा निर्णय योग्यच होता. गेमचे रूप आणि औषधाचे नियम अशी विभागणी तिने केली.

एकच प्रश्न उरला होता. पैसे कोणत्या धंद्याच्या वाटेने येणार?

गेमच्या धंद्यात खेळणारा किंवा त्याचे पालक स्वतः पैसे देतात. रक्कम लहान असते, पण देणारे लाखो असतात आणि खरेदीला एक बोट पुरते. अमेरिकेतल्या औषधाच्या धंद्यात रक्कम मोठी असते आणि ती बहुतेक विमा कंपनी भरते. अकिलीने इथेही औषधाचीच वाट धरली. आता एका आईच्या जागी उभे राहून पाहावे. तिने गेमबद्दल कुठेतरी वाचले. डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी गेम लिहून देणे ही गोष्टच कधी केलेली नव्हती, त्यांना आधी ती समजावून घ्यावी लागली. मग प्रिस्क्रिप्शन एका विशेष औषधालयाकडे गेले, तिथून विम्याची विचारणा झाली, आणि सगळे सुरळीत झाले तर तिला गेम उघडण्याचा कोड मिळाला. या साखळीत प्रत्येक कडीला काही पालक गळत जातात. महिना उलटला, की नव्या मात्रेसाठी पुन्हा तीच साखळी.

विमा कंपन्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. मूल शाळेत, घरात बरे वागू लागते का? त्याचे उत्तर टोव्हाच्या निर्देशांकात नव्हते, आणि पालकांच्या प्रश्नावलीत दोन गटांचा फरक दिसला नव्हता. शिवाय एडीएचडीच्या जुन्या गोळ्यांच्या जेनेरिक आवृत्त्या स्वस्तात मिळतात आणि त्यांच्यामागे अनेक दशकांचा अनुभव आहे. अनेक विमा कंपन्यांनी गेमला प्रायोगिक ठरवून हात वर केले. वयोवृद्धांसाठीच्या सरकारी ‘मेडिकेअर’ योजनेच्या कायद्यात तर अशा सॉफ्टवेअर-उपचाराला बसवायला खणच नव्हता, आणि खासगी विमा कंपन्या पुष्कळदा मेडिकेअरकडे पाहून पावले टाकतात. ज्या मापाने सरकारी परवाना मिळाला, ते माप पैसे देणाऱ्याच्या उपयोगाचे नव्हते. चाचणीची आखणी करतानाच विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला ‘तुम्ही कशावर पैसे द्याल?’ असे विचारून ती मोजणी मुख्य मानली असती, तर चाचणी लांबली असती, महागली असती, कदाचित फसलीही असती. पण फसली असती तरी ते कळायला पुढची कित्येक वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागले नसते.

बाजाराने आधी याकडे लक्ष दिले नाही. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीचे मूल्य सुमारे १०० कोटी डॉलर धरून ती शेअर बाजारात आणण्याचा करार झाला, आणि ऑगस्टमध्ये ‘नॅसडॅक’वर तिची नोंदणी झाली. पण २०२३ या पूर्ण वर्षाची तिची विक्री १७ लाख डॉलरच्या आसपास राहिली, तर तोटा सहा कोटींच्या घरात गेला. त्या वर्षी जानेवारीत तीस टक्के कर्मचारी कमी केले गेले. सप्टेंबरमध्ये आणखी चाळीस टक्के गेले, आणि त्याच वेळी कंपनीने जाहीर केले, की प्रिस्क्रिप्शनची वाट सोडून गेम थेट लोकांना विकायचा. प्रौढांसाठी चिठ्ठीविना मिळणारी आवृत्ती आधीच मोबाइलवर आली होती. जून २०२४ मध्ये एफडीएने तिलाही रीतसर मान्यता दिली. अकिली पुन्हा गेमच्या धंद्याच्या पैशाच्या वाटेवर आली, पण तोवर हातातली पुंजी पहिल्या वाटेवर बरीच खर्ची पडली होती.

दोष फक्त गेमचा नव्हता, हे त्याच काळातल्या दुसऱ्या कंपनीवरून दिसते. ‘पेअर थेरप्युटिक्स’ने व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी ॲप बनवले होते. २०१७ मध्ये त्याला एफडीएची मंजुरी मिळाली, डॉक्टर ते लिहूनही देऊ लागले. तरीही विम्याचे पैसे पुरेसे येईनात, आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

याच सांगडीचे एक जुने उदाहरण पैशाच्या बाबतीत अगदी वेगळे आहे. २००६ मध्ये ‘होपलॅब’ या ना-नफा संस्थेने कर्करोग झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी ‘री-मिशन’ हा गेम काढला. रॉक्सी नावाची इवलीशी यंत्रयोद्धी रुग्णाच्या शरीरात शिरून कर्करोगाच्या पेशींवर मारा करते. गेममधल्या रुग्णाने औषध चुकवले, की तिच्या शस्त्रांचा नेम ढळतो. या गेमने कर्करोग बरा होतो, असा दावा कोणीच केला नाही. अडचण नेमकी होती: घरी गेल्यावर ही मुले गोळ्या चुकवतात. ३७५ रुग्णांवरच्या चाचणीत गेम खेळलेल्यांनी औषधे अधिक नियमित घेतल्याचे आढळले, आणि तेही पालकांना विचारून नव्हे. काही औषधांसाठी रक्त तपासून, काहींसाठी डबी उघडल्याची इलेक्ट्रॉनिक नोंद पाहून. गेम रुग्णांना फुकट दिला गेला. खर्च संस्थेने सोसला, त्यामुळे ‘पैसे कोण देणार’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटलेला होता. धंदा म्हणून तो वाढणार नव्हता, पण जे सिद्ध करायचे ते त्याने नीट सिद्ध केले.

भारतात असे काही करू पाहणाऱ्यांसाठी या कहाणीतला परवान्याचा भाग आता लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून आजाराच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी असलेले सॉफ्टवेअरही आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते. पुणे-मुंबईतल्या कोणी ‘मुलांचे लक्ष वाढवणारा गेम’ न म्हणता ‘एडीएचडीवर उपचार करणारा गेम’ असे म्हटले, की तो कायद्याच्या दुसऱ्याच दालनात शिरतो. विम्याचा भाग मात्र आपल्याकडे आणखी अरुंद आहे. बहुतेक आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत. घरी बसून घ्यायच्या उपचाराचे पैसे सहसा खिशातूनच जातात.

पण आपल्याकडे पैशाची एक जुनी, चालती वाट आहे: फिजिओथेरपीच्या बैठकीचे शुल्क. पक्षाघातानंतर हात पुन्हा हलता करायला तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि रुग्ण कंटाळून ती सोडतात. आयआयटी हैदराबादच्या छायेत वाढलेल्या ‘बीएबल हेल्थ’ने यासाठी ‘आर्मएबल’ हे टेबलावरचे उपकरण बनवले आहे. रुग्ण अधू हाताने ते सरकवतो आणि समोरच्या पडद्यावर गेम खेळतो. इथे रुग्णाला आपण काय विकत घेतो हे माहीत असते, बैठकीचे पैसे तो पूर्वीपासून देतच असतो, शेजारी थेरपिस्ट असतो, आणि हात किती वर गेला हे घरच्यांच्या डोळ्यांना दिसते. मोजमाप आणि पैसे देणारा हे दोघेही एकाच खोलीत आहेत. आपल्याकडे गेम आणि आरोग्य यांची सांगड आज टिकायची असेल, तर ती मुलांच्या मोबाइलमध्ये टिकण्याआधी अशा फिजिओथेरपीच्या टेबलावर टिकेल.

अकिली जुलै २०२४ मध्ये ‘व्हर्च्युअल थेरप्युटिक्स’ या कंपनीने विकत घेतली. दहा डॉलरच्या भावाने बाजारात आणलेल्या शेअरला शेवटी मिळाले ४३ सेंट.